सुगंधेला कोशातून काढ

चि. छकुलीस,



राजा रविवर्म्यावरची तुझी नोंद वाचली. भाषा सोपी आहे, वाक्यं आटोपशीर आहेत. पण काल फोनवर तू म्हणालीस, “मामा, शाळेतल्या मुलांचा कोश आहे, एवढं कोण तपासणार?” तेव्हापासून मला चैन नाही. अगं, मुलं तपासणार नाहीत म्हणूनच तर आपण तपासायचं! मोठा माणूस दुसरं पुस्तक उघडून पाहतो. पाचवीतलं पोर कोशातलं वाक्य वहीत उतरवतं आणि जन्मभर खरं धरून चालतं.

पहिली गोष्ट, सुगंधा. ‘त्यांच्या देवींना सुगंधा या तरुणीचा चेहरा लाभला,’ असं तू बेधडक लिहिलंस. ही सुगंधा कुठून आली, हे तुला मी सांगायला हवं का? आजोळच्या माडीवर रणजित देसाईंची कादंबरी घेऊन बसायचीस आणि जेवायला हाकांवर हाका माराव्या लागायच्या. त्याच कादंबरीवरून सिनेमा निघाला आणि सुगंधा घरोघरी पोचली. कादंबरीकाराला पात्र घडवायचा पूर्ण हक्क आहे, कोशकाराला नाही.

सुगंधेच्या जागी अंजनीबाई मालपेकरांचं नाव घालू का, असंही विचारलंस. बाई खऱ्या, भेंडीबाजार घराण्याच्या मोठ्या गायिका. रविवर्म्याच्या ‘लेडी इन द मूनलाइट’साठी त्या बसल्या होत्या, असं सांगतात. आता कागद घे आणि दोन सनं शेजारी शेजारी लिही. चित्राचं साल 1889 दिलं जातं आणि अंजनीबाईंचा जन्म 1883चा. म्हणजे चित्रातली ती भरल्या अंगाची स्त्री सहा वर्षांची होती! चित्राचं साल, जन्मसाल आणि आख्यायिका या तिन्हींपैकी एक काहीतरी नक्की चुकतंय. कोणतं, ते ठरवायला आपल्याजवळ पुरावा नाही. मग दीडशे शब्दांच्या नोंदीत ते नाव नको. ‘असं म्हणतात’ जोडूनही नको, कारण मुलं ते दोन शब्द गाळून बाकीचं लक्षात ठेवतात.

दुसरी गोष्ट शिकागोची. 1893च्या जागतिक प्रदर्शनात त्यांची दहा चित्रं गेली आणि पारितोषिक मिळालं, इथवर ठीक. तू ‘तीन सुवर्णपदकं’ लिहिलंस. तसं अनेक ठिकाणी छापलेलं आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्या प्रदर्शनात सोनं, चांदी असे दर्जेच ठेवले नव्हते. गौरवलेल्या सगळ्यांना एकाच प्रकारचं कांस्यपदक आणि प्रशस्तिपत्र दिलं गेलं. एकाने ‘सुवर्ण’ लिहिलं, दहा जणांनी उतरवलं, आणि आता त्या दहा जणांनाच आपण दहा पुरावे समजतो. तू फक्त ‘पारितोषिक मिळालं’ लिही. एवढ्याने रविवर्म्याचा मोठेपणा कमी होत नाही.

प्रत्येक वाक्यासमोर समासात पेन्सिलीने लिहीत जा: हे कोणी लिहिलं, आणि कधी? रविवर्म्याचे धाकटे भाऊ सी. राजराज वर्मा स्वतः चित्रकार, बरोबर प्रवास करणारे, कामात हातभार लावणारे. त्यांची 1895 ते 1904ची इंग्रजी रोजनिशी छापून उपलब्ध आहे. ती आधी चाळ. मात्र तिच्यात एखादी गोष्ट नाही म्हणून ती घडलीच नाही, असं म्हणू नकोस. 1895च्या आधीचं तिथे कसं सापडणार? आणि भाऊ भावाबद्दल लिहिताना काही झाकतोही.

खात्रीचं कमी उरतं अशी तुझी तक्रार. कमी कसं? 29 एप्रिल 1848ला किळिमानूरला जन्म, 1894मध्ये मुंबईत शिळाछाप चित्रांचा छापखाना, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, मग फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. 2 ऑक्टोबर 1906ला मृत्यू. देवघरातली लक्ष्मी-सरस्वती घरोघर कशी पोचली, ही हकीकत सुगंधेपेक्षा कमी रंजक आहे का?

आणि नोंदीसोबत जी लक्ष्मी लावली आहेस, तिची मला खरी धास्ती वाटते. ते छापील चित्र आहे. खाली ‘रविवर्म्याचे तैलचित्र’ असं कोणी लिहिलं? छापखाना विकल्यावरही त्यांच्या नावावर चित्रं निघतच राहिली, त्यांत दुसऱ्यांनी बदल केले. मुलं त्या भडक रंगांवरून रविवर्म्याचा हात ओळखायला जातील! ‘रविवर्मा छापखान्यातील छापील चित्र’ असं लिही, आणि प्रतीवर साल नसेल तर आपल्या मनाचं घालू नकोस.

जुळणी झाली की दुरुस्ती अवघड होते, म्हणून कोश छापायला जाण्याआधी नोंद पुन्हा माझ्याकडे पाठव. संपादक घाई करतील, त्यांना माझं नाव सांग. आणि रागावू नकोस. तू लिहिलेलं उद्या दुसरा कोश उतरवणार आहे, या काळजीपोटी एवढं लिहिलं.

तुझा,
मामा