आत्याचं सूप कुठं गेलं?

मंडळी, आज जरा माझीच फजिती सांगते. भाषणं करणाऱ्यांना उपयोगी पडेल.

माझं माहेर सदलगा. दूधगंगेकाठचं. आत्या निपाणीत दिलेली. सुट्टीत तिच्याकडं गेलं की ती सोप्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असायची. हजार विड्यांवर मजुरी. बोलणं चालू, हातही चालू.

निवृत्तीनंतर मी निपाणीच्या १९८१ च्या तंबाखू आंदोलनावर एक भाषण लिहिलं. पुण्यात चाळीस मिनिटं बोलले, छान झालं. मग गावाकडच्या एका कार्यक्रमात बोलावणं आलं. आधी सत्कार, मग मनोगतं, मग आणखी सत्कार. माझी पाळी आली तेव्हा हातात चिठ्ठी, "ताई, बारा मिनिटांत आटपा."

मी उभ्या उभ्या मधली पानं उलटली आणि शेवट मात्र लिहिला होता तसाच वाचला, "ते रिकामं सूप आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे." सभेत शांतता, पण न कळल्याची. सूप होतं गाळलेल्या पानांत! पहिल्या रांगेत आत्या, वय ऐंशीच्या पुढं. घरी आल्यावर म्हणाली, "पोरी, रिकामं सूप म्हणालीस, पण माझं भरलेलं सूप कुठं गेलं गं?"

त्या रात्री झोप लागली नाही. लहानपणी गावात ऐकलेली कीर्तनं आठवली. बुवा वेळ बघून दृष्टांत कमी-जास्त करायचे. पण सुरुवातीला घेतलेला अभंग आणि शेवटी त्याच्याकडे परत येणं कधी सुटायचं नाही. मी नेमकं उलटं केलं होतं.

मग भाषण नव्यानं बांधलं. आधी फक्त दहा मिनिटांचा कणा लिहिला. सुरुवात दोन मिनिटं, आंदोलनाची हकिकत सहा, शेवट दोन. हकिकत अशी: १४ मार्च १९८१ ला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. बायकापोरांसह लोक रस्त्यावर राहिले. ६ एप्रिलला पोलिसांनी आंदोलन मोडलं, गोळीबारात शेतकरी मेले. एवढ्यातलं काही तोडता येत नाही. एका दिवसातून दुसरा दिवस निघतो, मधलं गाळलं तर शेवटचा दिवस समजतच नाही. म्हणून ती हकिकत आखडून लिहिली, पण अखंड ठेवली.

मग सहा-सहा मिनिटांचे चार सुटे तुकडे केले. तंबाखूचं पीक, विडी वळणाऱ्या बायका, दराचा हिशेब, रस्त्यावर बसलेल्या बाया. ते हकिकत आणि शेवट यांच्यामध्ये बसतात. बारा मिनिटं असली तर नुसता कणा. पंचवीस असली तर दोन तुकडे, म्हणजे बावीस. चाळीस असली तर चारही, म्हणजे चौतीस, उरलेली सहा प्रश्नांना. प्रत्येक वेळी हातचं थोडं राखायचं. माईक चालू होईपर्यंतच एखादं मिनिट जातं.

नियम एकच, पण कडक. शेवटात जे येणार ते कण्यात आधी आलेलंच पाहिजे. म्हणून सूप सुरुवातीलाच आणलं, दोन वाक्यांत. आत्याची मांडी, हजार विड्या. विड्यांचा तुकडा घेतला तर सूप खुलतं, गाळला तरी हरवत नाही. तुकड्यातुकड्यांतलं "मघाशी सांगितल्याप्रमाणे" खोडून काढलं. मघाशीचं गाळलं गेलं असेल तर ऐकणारा शोधत बसतो.

पण सगळे तुकडे घातले की भाषण सुट्या मण्यांसारखं वाटायला लागलं. त्यावर कीर्तनातलं ध्रुपद कामाला आलं. प्रत्येक तुकडा संपताना एकच प्रश्न, "दर कोणी ठरवला?" शेतकऱ्याच्या तंबाखूचा दर व्यापारी ठरवणार, आत्याच्या हजार विड्यांची मजुरी मालक ठरवणार. शेवटही त्याच प्रश्नाचा. त्यामुळं घड्याळ बघायचं ते फक्त या प्रश्नापाशी. वेळ असेल तर पुढचा तुकडा, नसेल तर थेट शेवट. पानं चाळायची नाहीत.

पारख म्हणून नुसता कणा भाचीला वाचून दाखवला. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं एकदाच अडवलं, "हे मालक कोण?" ते नाव फक्त विड्यांच्या तुकड्यात समजावलेलं होतं. अर्धं वाक्य कण्यात घातलं, भोक बुजलं.

गेल्या दिवाळीत आत्याच्या सोप्यातच दहा मिनिटांचं भाषण म्हणून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "आता आलं बघ सूप. पण आणि थोडं बोलली असतीस की!"

मग तिच्यासाठी उरलेले चारही तुकडे सांगितले.