बावीस गुण नाकारायचे की नाही

सांगलीच्या ताईच्या मुलीला इटलीत एमएस्सीला जायचं होतं. तिथल्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका इंग्रजीत होती, पण ते इंग्रजी इटालियनवरून शब्दाला शब्द ठेवून केलेलं. वर्षात परीक्षेचे सात 'कॉल' असतात, असं त्यात होतं. तिला वाटलं, मुलाखतीला बोलावतात तसं काहीतरी असणार. मी पुण्यात इटालियन शिकलेली, म्हणून मूळ नियमावली माझ्याकडे साताऱ्याला आली.

'कॉल' म्हणजे मुळातला 'आप्पेल्लो'. शाळेत हजेरी घेतात त्यालाही इटालियनमध्ये हाच शब्द आहे. परीक्षेत त्याचा अर्थ एका विषयाच्या परीक्षेची एक तारीख. आपल्यासारखं एकच वेळापत्रक नसतं. जानेवारी-फेब्रुवारी, जून-जुलै आणि सप्टेंबर अशा तीन हंगामांत प्रत्येक विषयाच्या काही तारखा लागतात, आणि कुठल्या तारखेला बसायचं ते विद्यार्थ्यानं ठरवून नाव नोंदवायचं. मी सरळ 'परीक्षेची तारीख' असं लिहिलं.

'क्रेदितो'ला मात्र मी घाईत 'श्रेयांक' म्हणून मोकळी झाले, आणि तिथेच फसले. चार दिवसांनी भाऊजींचा फोन. ते मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत, आकडा दिसला की ताळा करून बघणारच. "तिकडच्या पदवीला १८० श्रेयांक लिहिलंय. हिचे तीन वर्षांचे १३२ भरतात. ४८ कमी पडतात की! अर्ज करायचा का नाही?"

पोरगी दोन दिवस जेवली नव्हती म्हणे. मी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून कराडवरून सांगलीला गेले.

आपला श्रेयांक वर्गातल्या तासांवर मोजतात: सत्रात १५ तास शिकवलं की एक. इटालियन श्रेयांक विद्यार्थ्याच्या एकूण कष्टावर मोजतात. एकाला २५ तास, आणि त्यात वर्गातले तास आले, घरचा अभ्यासही आला. वर्षाचं काम ६० धरलेलं, म्हणून तीन वर्षांची पदवी १८० आणि पुढची दोन वर्षांची १२०. तिच्या अभ्यासक्रमात नऊ श्रेयांकांचा विषय होता. त्याचे २२५ तास होतात, पण वर्गातले फक्त ७२. आपला चार श्रेयांकांचा विषय ६० तासांचा. म्हणजे मापंच दोन. भाऊजींना म्हटलं, "किलोतून पौंड वजा करताय तुम्ही." ते हसले, पण चूक माझीच होती. शब्द तोच ठेवला आणि माप सांगितलं नाही.

खरी अडचण पुढे निघाली. तिथे गुण ३० पैकी, १८ ला पास. बऱ्याच परीक्षा तोंडी. समोर बसलेले प्राध्यापक तिथेच गुण सांगतात, आणि ते कमी वाटले तर विद्यार्थी नाकारू शकतो. मग पुन्हा बसायचं.

"पास झालेलं सोडून द्यायचं? हे कुठलं शास्त्र?" भाऊजी म्हणाले.

कारण सरासरी. एकदा स्वीकारलेले गुण बदलत नाहीत, आणि शेवटची ११० पैकीची श्रेणी त्याच सरासरीवरून निघते. म्हणून हुशार मुलं बावीस-तेवीस नाकारतात. मुलीला हे फारच आवडलं. "मी सत्तावीसच्या खाली घेणारच नाही," म्हणाली.

शिष्यवृत्तीचे नियम वेगळ्या कागदावर होते, ते मी तोवर नुसते चाळले होते. आता नीट वाचले. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती चालू राहायला पहिल्या वर्षाचे ३० श्रेयांक १० ऑगस्टपर्यंत नोंदलेले हवेत. भाऊजींनी वहीचं पान फाडलं आणि आम्ही मांडायला बसलो. फेब्रुवारीत नऊचे दोन विषय सुटले तर अठरा. जूनमध्ये एक, सत्तावीस. जुलैत चौथा, छत्तीस. समजा जुलैत बावीस मिळाले आणि तिनं नाकारले, तर पुढची तारीख सप्टेंबरात. १० ऑगस्टला सत्तावीसच. सप्टेंबरात तीस पैकी तीस मिळाले, तरी वर्षाची शिष्यवृत्ती गेलेली.

नाकारायचा हक्क परीक्षेच्या नियमावलीत आणि तारीख शिष्यवृत्तीच्या कागदात. एकात दुसऱ्याचा उल्लेखही नाही. मी माझ्या भाषांतरात गुण नाकारण्याच्या कलमाखालीच शिष्यवृत्तीचं वाक्य घातलं. भाषांतर म्हणून ते चूक असेल. भाऊजींनी १० ऑगस्टभोवती लाल शाईचा चौकोन केला.

"म्हंजे फेब्रुवारीत नाकारलं तर चालेल?" मुलगी.

"जून-जुलैत पुन्हा बसायला जागा असेल तर चालेल. जुलैत मात्र मिळेल ते घ्यायचं."

परतताना इस्लामपूरच्या स्टँडवर तिचा फोन आला. लेखी परीक्षेचे गुण संगणकावर लागतात आणि पाच दिवसांत नाकारले नाहीत तर 'मान्य समजले जातील', असं मी लिहिलं होतं.

"मावशी, त्या पाचात रविवार धरायचा का गं?"

मी पिशवीतून मूळ कागद काढला. तिथे नुसतं 'दिवस' होतं, कामकाजाचे असं कुठे नव्हतं.

"धर," म्हटलं.