ठणकतंय की आवळतंय?

साठ-सत्तरच्या दशकात वाड्यांत आणि चाळींत वाढलेल्यांच्या घरी डोकेदुखीचं औषध दोनच ठिकाणी असायचं. एक माठात, दुसरं चुलीपाशी. गोळी मिळायची, पण ती शेवटी. डोकं धरून कुणी बसलं की घरातली म्हातारी आधी विचारायची, "ठणकतंय की आवळतंय?" उत्तर ऐकून ती उठायची आणि माठाकडे किंवा चुलीकडे जायची. या प्रश्नात किती वैद्यक होतं, हे आम्हाला मोठेपणी डॉक्टरांच्या खुर्चीसमोर बसल्यावर कळलं. त्यांनीही जवळजवळ हेच विचारलं.

ठणकणारं डोकं आमच्या आत्याचं. तिला अर्धशिशी होती. दुखणं यायच्या आधी ती जांभया देत राहायची, बोललेलं सहन व्हायचं नाही, कधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा यायच्या. मग एका बाजूच्या कानशिलात ठोके पडायला लागायचे. जिना चढला की ठोके वाढायचे, उजेड नको वाटायचा, फोडणीच्या वासानेही पोटात ढवळायचं. आजी तिला माजघरात अंधारात निजवायची आणि जुन्या धुवट धोतराचा तुकडा माठातल्या पाण्यात बुडवायची. त्याची चौपदरी घडी करून ती घट्ट पिळायची, कारण पाणी कानात किंवा उशीवर ओघळलं तर रोग्याला आणखी वैताग. एक घडी कपाळ आणि दुखरं कानशील झाकेल अशी, दुसरी मानेच्या मागे. कापड अंगाच्या उबेने कोमट झालं की पलटायचं, मग पुन्हा बुडवायचं. मधे विसरून चालायचं नाही, कारण तापलेली घडी नुसतं ओझं होते.

गारव्याने घडतं काय? त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि वेदनेचा निरोप नेणाऱ्या मज्जातंतूंचा वेग मंदावतो, म्हणजे जागा थोडी बधिर होते. अर्धशिशी फक्त रक्तवाहिन्या फुगल्याने होते, असं आता डॉक्टर मानत नाहीत. तिचं मूळ मेंदूत आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूंत आहे. पण ठोक्यांच्या दुखण्याला गारवा बरा वाटतो, हा अनुभव कायम आहे. गारवा जितका लवकर मिळेल तितका उपयोगी, म्हणून आत्या जांभया द्यायला लागली की आजी धोतर शोधायला निघायची.

एकदा पाहुण्या आलेल्या एका बाईंनी माया दाखवत आत्याच्या कानशिलावर तव्यावर तापवलेल्या फडक्याचा शेक दिला. थोड्याच वेळात ठोके इतके वाढले की आत्याने फडकं भिरकावून दिलं आणि मोरीकडे धावली. शेक दिला की तिथलं रक्ताभिसरण वाढतं. ठणकत्या कानशिलाला नेमकं तेच नको असतं.

आवळणारं डोकं काकांचं. महिनाअखेरीला खतावण्यांवर मान घालून दिवसभर बसले की संध्याकाळी ते म्हणायचे, डोक्याला कुणीतरी पट्टा आवळलाय. दुखणं दोन्ही बाजूंना, सारखं, दाबल्यासारखं. ठोके नाहीत, मळमळ नाही. ते जेवायचे, गॅलरीत फिरायचे, दिव्याचाही त्रास नव्हता. आजी त्यांच्या कपाळाकडे बघायचीच नाही. ती मानेच्या मुळाशी आणि खांद्यावर अंगठा दाबायची. तिथे गाठ लागली, काका "आई गं" म्हणाले की निदान पक्कं.

मग लोखंडी कढईत खडेमीठ भाजायचं, जाड फडक्यात बांधायचं आणि पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायची. मनगटाला सोसली तरच काकांच्या मानेला. मीठ ऊब बराच वेळ धरून ठेवतं, आणि कोरडा शेक असल्याने अंग ओलं होत नाही. उबेने आखडलेले स्नायू सैल पडतात, तिथे रक्त खेळतं आणि वर डोक्यापर्यंत पोचलेला ताण उतरतो. शेकानंतर आजी त्यांना मान सावकाश दोन्हीकडे वळवायला सांगायची. "आता पुन्हा वहीत डोकं घालू नकोस," ही सूचना वर असायचीच, आणि ती पाळली नाही तर पट्टा तासाभरात परत.

पुढे रबरी पिशवी आली आणि तिच्याबरोबर भाजणंही आलं. आमच्या पिढीतल्या अनेकांच्या अंगावर त्या पिशवीचे डाग आहेत. उकळतं पाणी थेट ओतायचं नाही, थोडं निवू द्यायचं. पिशवी काठोकाठ न भरता वर जागा ठेवायची, हवा दाबून काढायची, बूच लावून उलटी धरून बघायची आणि टॉवेलात गुंडाळूनच मानेखाली घ्यायची. ती घेऊन झोपायचं नाही. मधुमेहाने ज्यांच्या त्वचेची जाणीव कमी झाली आहे त्यांनी तर दुसऱ्याच्या हाताने ऊब तपासून घ्यावी, कारण चटका बसला तरी त्यांना कळत नाही.

फ्रिज आला तेव्हा माठाचं काम बर्फाने घेतलं. उत्साहाने कपाळावर उघडा बर्फ धरणारे निघाले आणि कातडी लाल करून बसले. बर्फ पंच्यात गुंडाळावा, पंधरा-वीस मिनिटं ठेवावा, मग तेवढीच उसंत द्यावी. कातडी पांढरी पडली किंवा झोंबायला लागली तर वेळ न बघता काढावा. शेकालाही हाच पंधरा-वीस मिनिटांचा हिशेब पुरतो.

फसवणारं दुखणं तिसरं, सर्दीचं. नाक चोंदलेलं, गाल आणि भुवयांमधली जागा जड, वाकलं की डोकं खाली ओढल्यासारखं. याला कोमट पाण्यात पिळलेला रुमाल नाकावर आणि गालांवर ठेवला, वाफ घेतली की बरं वाटतं. पण वाकल्यावर अर्धशिशीही वाढते, आणि तिच्यात नाकातून पाणीही येतं. त्यामुळे वर्षानुवर्षं "मला सायनस आहे" म्हणणाऱ्या कितीतरी जणांना खरी अर्धशिशी निघते. खूण अशी, की उजेड टोचतो का, मळमळतं का, काम सोडून आडवं व्हावंसं वाटतं का? उत्तर हो असेल तर रुमाल गरम पाण्यातून काढा आणि गार पाण्यात बुडवा.

ठणकणं आणि आवळणं एकत्रही येतात. आत्याची मानही कधी आखडायची, तेव्हा आजी कपाळावर गार घडी ठेवून मानेखाली मिठाची पुरचुंडी सरकवायची. कुठे काय सोसतं, हे ठरवायचा अधिकार मात्र आत्याचा. तिने मान हलवून नको म्हटलं की पुरचुंडी बाजूला. अर्धशिशीच्या काही जणांना गारवा सोसत नाही, ऊबच बरी वाटते, आणि तेही खरंच असतं.

घडी असो वा शेक, दोन्हींनी दुखणं हलकं होतं, मुळापासून जात नाही. महिन्यात अनेक दिवस असं बसावं लागत असेल तर डॉक्टरांना दाखवायला हवं. आणि काही दुखण्यांत माठ-चूल दोन्ही विसरायची. क्षणात वीज पडावी तसं आलेलं, आयुष्यात कधी नव्हतं एवढं भयंकर दुखणं. ताप आणि ताठलेली मान. बोबडी वळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, नजर जाणं. डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारं दुखणं. किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. यातलं काही दिसलं तर घड्या बदलत बसू नका. पन्नाशीनंतरच्या डोकेदुखीसाठी लवकरात लवकर डॉक्टर गाठा, आणि बाकी सगळ्यांत रोग्याला थेट दवाखान्यात न्या.