शून्य की ओ?

अंजनगाव सुर्जीत मी गाड्यांच्या विम्याचे फॉर्म भरतो. आरसीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, त्यावर बहुधा ऊन चमकत असतं.

गाडीचा नंबर सोपा. MH 27 म्हणजे अमरावती, पुढे अक्षरं, मग आकडे. चेसिस नंबर आताच्या गाड्यांना 17 खुणांचा. त्यात I, O, Q वापरतच नाहीत, म्हणून गोल दिसलं की शून्य. खरी पंचाईत 8 आणि B ची, कारण तिथे दोन्ही चालतात.

परवा एका मोटरसायकलच्या फोटोत मधलीच एक खूण पुसट होती. सरकारी ‘वाहन’ पोर्टल चेसिसचे शेवटचे पाच आकडे विचारतं. ते जुळले, पण मधल्या खुणेची खात्री त्यानं होत नाही. मी फोन केला, “भाऊ, हँडलखालचा चिखल पुसा अन् तिथं ठोकलेल्या नंबराचा फोटो पाठवा.” B निघाला.

मग मालकाचं नाव. तो स्वतःचं सांगत होता, आरसीवर वडिलांचं होतं. वडील वारलेले. म्हटलं, आधी आरटीओत फॉर्म 31 भरून गाडी नावावर करा, नाहीतर क्लेमच्या वेळी अडेल.

तो जरा थांबला. “म्हंजे गाडी अजून बाबाचीच हाय,” म्हणाला.