नगरपरिषदेने एकच बिल दोनदा दिलं, आणि मी भलत्याच माणसाला चोर ठरवणार होतो

पोस्ट मोठी आहे. पण आपल्या करातून गेलेल्या पैशाची आहे, म्हणून सवडीने वाचा. यात कुणाचं नाव किंवा खाते क्रमांक नाही. का नाही, ते पुढे कळेल.

मी एका खासगी कंपनीत बावीस वर्षं पुरवठादारांची बिलं पास करायचो. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवतात. म्हणून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून नगरपरिषदेकडे २०२१-२२ या वर्षाचा बल्क पेमेंट रिपोर्ट मागितला. बँकेच्या पोर्टलवर एकाच फाईलमधून शंभर-शंभर ठेकेदारांचे पैसे सोडतात ना, त्या सगळ्या फाईलींचा हा वर्षभराचा गोषवारा. दुसऱ्या अर्जानंतर तो सीडीवर मिळाला. तारीख, लाभार्थ्याचं नाव, खाते क्रमांक, आयएफएससी, बिल नंबर, रक्कम, यूटीआर आणि शेवटी स्टेटस. साधारण चार हजार ओळी. खाते क्रमांक झाकून द्यायला हवे होते, ते तसेच उघडे दिले होते. असो.

एकच बिल दोनदा दिलंय का, हे शोधायचं म्हणजे आधी नाव विसरायचं. रिझर्व्ह बँकेच्या २०१० च्या सूचनेप्रमाणे एनईएफटी-आरटीजीएसचे पैसे जमा होतात ते फक्त खाते क्रमांक बघून. नाव बँक जुळवत बसत नाही. त्यामुळे 'अमुक इलेक्ट्रिकल्स' आणि त्याच्या मालकाचं स्वतःचं नाव या रिपोर्टात दोन वेगळी माणसं दिसतात, पण खाते क्रमांक एकच असतो. पैसा कुठे गेला हे खाते क्रमांक सांगतो.

मग उरतात तीन गोष्टी: खाते, रक्कम, बिल नंबर. तिन्ही सारख्या असतील तर काम सोपं, पण अशी जोडी बहुतेक सॉफ्टवेअरच अडवतं. खरी निसटतात ती तीनपैकी दोन सारखी आणि एक वेगळी असणारी. म्हणून मी दोन धरतो आणि तिसरी मोकळी सोडतो. आधी खाते आणि रक्कम. मग खाते आणि बिल नंबर. शेवटी बिल नंबर आणि रक्कम, म्हणजे तेच बिल भलत्या खात्यात गेलंय का ते दिसतं.

एक्सेल माहीत असणाऱ्यांसाठी थोडक्यात. C मध्ये खाते, D मध्ये बिल नंबर, E मध्ये रक्कम असेल, तर G मध्ये बिल नंबर साफ करायचा, H मध्ये खाते आणि रक्कम जोडायची, आणि ती जोडी किती वेळा आलीय ते मोजायचं:

```
G2: =SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(UPPER(D2),"-",""),"/","")," ","")
H2: ="A"&C2&"|"&E2
I2: =COUNTIF(H:H,H2)
```

I मध्ये दोन किंवा जास्त आलं की ती ओळ बघायची. दुसऱ्या फेरीला H मध्ये E2 च्या जागी G2.

इथे मीच पहिल्या दिवशी आपटलो. फाईल नुसती डबल क्लिक करून उघडली. एक्सेल आकड्याचे पंधराच अंक धरून ठेवतो, सोळावा शून्य करून टाकतो. काही बँकांचे खाते क्रमांक सोळा अंकी आहेत. झालं, एकाच शाखेतले दोन वेगळे पुरवठादार एकाच खात्याचे दिसायला लागले. मला वाटलं, सापडली बोगस कंपनी! सगळे सोळा अंकी क्रमांक शून्यानेच संपतात हे लक्षात यायला अर्धा तास लागला. शिवाय 5/21 हा बिल नंबर एक्सेलने May-21 करून ठेवला होता. म्हणून फाईल आत घेतानाच खाते आणि बिल नंबर हे दोन्ही कॉलम 'टेक्स्ट' करून घ्यायचे. एकदा अंक गेला की नंतर टेक्स्ट करून तो परत येत नाही.

पहिल्या फेरीत शे-दीडशे जोड्या निघाल्या. घाबरू नका, त्यातल्या बहुतेक बरोबरच असतात. सुरक्षारक्षकांचा ठेका, भाड्याची गाडी, झेरॉक्स मशीनची देखभाल, यांचं बिल दरमहा तेवढंच येतं. खाते तेच, रक्कम तीच, बिल नंबर आणि महिना मात्र वेगळा. त्या काढून टाकल्या की हातात नऊ राहिल्या.

त्यातली एक बघून माझे डोळे चमकले. पाण्याच्या टँकरचा ठेकेदार. १,२६,००० रुपये, २ जुलै २०२१. पुन्हा १,२६,००० रुपये, ९ जुलै २०२१. बिल नंबर तोच, खाते तेच. दोन्ही ओळींपुढे स्टेटस Processed. यूटीआर दोन वेगळे, म्हणजे पैसे दोनदा सुटले. हा ठेकेदार कुणाचा माणूस आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक. रात्री साडेअकराला मी याच भिंतीवर पोस्ट लिहून तयार ठेवली. मथळासुद्धा झणझणीत होता.

नशिबाने आधी बँकेतून निवृत्त झालेल्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "दोन्ही ओळींचा आयएफएससी काय आहे?" मी म्हटलं, तो कॉलम मी काढून टाकला, उगाच गर्दी होत होती. "मग आधी परत आण."

पहिल्या ओळीत SYNB, दुसऱ्या ओळीत CNRB. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली आणि तिचे जुने आयएफएससी १ जुलै २०२१ पासून बंद झाले. २ तारखेची फाईल जुन्या कोडवर गेली, पैसे परत आले. आठवड्याने कोड बदलून पुन्हा पाठवले. आणि Processed याचा अर्थ एवढाच की बँकेने फाईल उचलली. पैसे पोचले की नाही, ते त्या शब्दात नाही. माहिती अधिकारात समक्ष पाहणीचा अर्ज केला, कार्यालयात बसून बँक स्टेटमेंट पाहिलं. २ जुलैला १,२६,००० नावे, आणि लगेच पुढे पहिल्या यूटीआरचाच संदर्भ देऊन १,२६,००० जमा. माणूस निर्दोष. निदान या बाबतीत तरी! ती पोस्ट मी पुसून टाकली.

त्याच पद्धतीने नऊपैकी सहा जोड्या 'परत आलेले पैसे' निघाल्या. उरलेल्या तिनांपैकी दोन एकाच दिवशी दिलेली दोन वेगळ्या वॉर्डांची बिलं होती. एकीत फाईल सापडत नाही म्हणाले. ती अजून सापडलेली नाही.

खरी चूक सापडली दुसऱ्या फेरीत, जिथे रक्कम वेगळी होती. पहिल्या फेरीला ती दिसणं शक्यच नव्हतं.

सीसीटीव्ही कॅमेरे पुरवून बसवण्याचं काम. फेब्रुवारीत EL/117 या बिलाचे २,३०,००० गेले. २८ मार्चला EL-117 चे २,३४,००० गेले. तिरकी रेघ आणि आडवी रेघ, एवढाच फरक. नावं दोन: एकदा दुकानाचं, एकदा मालकाचं. खाते मात्र एक. हिशोब मांडून बघा. बिल २,००,००० चं, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६,०००, एकूण २,३६,०००. मालक एकटाच, म्हणून आयकराचा टीडीएस २,००,००० वर एक टक्का, म्हणजे २,०००. मूळ ठेका अडीच लाखांच्या वरचा होता, म्हणून जीएसटीचा टीडीएस दोन टक्के, म्हणजे ४,०००. राहिले २,३०,०००. दुसऱ्या वेळी बांधकाम विभागाने तेच बिल स्वतंत्र छोटी खरेदी म्हणून चढवलं. अडीच लाखांच्या आतलं, म्हणून जीएसटीचा टीडीएस कापलाच नाही, आणि झाले २,३४,०००. दोन रकमांतला फरक बरोब्बर ४,०००, म्हणजे करपात्र रकमेच्या दोन टक्के. फरक असा कराच्या दराशी नेमका जुळला की बिल एकच असण्याची शक्यता फार मोठी.

तरी शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा अनुक्रमांक एका आर्थिक वर्षात एकदाच यायला हवा. त्यामुळे गेल्या वर्षीचं ११७ आणि यंदाचं ११७ ही खुशाल दोन बिलं असू शकतात. म्हणून बिलाची तारीख बघितली. दोन्ही फाईलींत एकच, १४ जानेवारी २०२२. एका फाईलीत मेलवर आलेल्या बिलाची छापील प्रत, दुसरीत शिक्क्याचं मूळ बिल. मग साठा नोंदवही मागितली. कॅमेरे सोळा आले, एकदाच. बत्तीस कुठेच नाहीत.

सॉफ्टवेअर गप्प का बसलं? कारण ते 'याच पुरवठादाराचा हा बिल नंबर आधी आलाय का' एवढंच बघतं. आणि इथे पुरवठादाराचे कोड दोन होते.

दुकानदाराला जाऊन भेटलो. ओळखीचा आहे, खोटं कशाला बोलू. म्हणाला, "काका, मला वाटलं मागची थकबाकी दिली. दोन वर्षांचं राहिलंच होतं त्यांच्याकडे." थकबाकी खरंच होती, त्याने वही दाखवली. माझी त्याच्यावर रागवायची तयारी होती, पण ते जमलं नाही.

मुख्याधिकाऱ्यांना लेखी पत्र दिलं. दोन्ही यूटीआर, दोन्ही व्हाउचर नंबर, साठा नोंदवहीचं पान, एवढंच. आरोप एक नाही. सात आठवड्यांनी उत्तर आलं: २,३४,००० दुकानदाराच्या पुढच्या बिलांतून वळते करून घेतले, आणि दुसऱ्या वेळी भरलेल्या २,००० च्या टीडीएससाठी दुरुस्ती विवरण भरणार.

पाणीपुरवठ्याच्या त्या न सापडणाऱ्या फाईलीसाठी पहिलं अपील केलं आहे. आणि पुरवठादार यादीत ते दोन कोड, तेच खाते, कालपर्यंत तसेच होते.

ज्यांना आपल्या ग्रामपंचायतीचा किंवा सोसायटीचा रिपोर्ट असा तपासायचा असेल त्यांनी कमेंटमध्ये विचारा, रविवारी सकाळी बसून उत्तरं देतो. फक्त कुणाचं नाव टाकू नका. आणि आयएफएससीचा कॉलम काढू नका.