बिनखताची कुंडी

विज्ञान शिकवायला लागल्यापासून कितीतरी वर्षं मी नियंत्रण गट एका वाक्यात उरकत असे: एका कुंडीला खत द्यायचं, दुसरीला काहीच द्यायचं नाही, ही दुसरी म्हणजे कंट्रोल. आज मला ते वाक्य वर्गात उच्चारवत नाही. कंट्रोलच्या कुंडीला सगळं द्यावं लागतं. ज्या एका गोष्टीची परीक्षा आहे, तेवढीच वगळायची असते.

माझं मत बदललं ते सातवीतल्या एका मुलीच्या प्रश्नामुळे. गव्हाच्या रोपांना आम्ही रोजच्या पाण्याखेरीज युरियाचं पाणीही घालत होतो. ती म्हणाली, "बाई, या कुंडीला पाणीही जास्त मिळालं ना? मग रोपं खतानं वाढली की पाण्यानं?" तिला देण्यासारखं उत्तर त्या कुंड्यांमध्ये नव्हतंच. खत आणि पाणी अशा दोन गोष्टी आम्ही एकाच वेळी बदलल्या होत्या.

त्यानंतर मी प्रत्येक खताकडे याच नजरेनं पाहू लागले. युरियाचं तसं सोपं आहे. जेवढं युरियाचं पाणी इकडे, तेवढंच साधं पाणी तिकडे. गांडूळखताचं मात्र अवघड आहे. मुलांना ते आवडतं, प्रदर्शनात तेच जास्त दिसतं. पण ते मातीत मिसळलं की माती भुसभुशीत होते आणि ओलावाही जास्त वेळ धरून ठेवते. मग रोपाला फायदा झाला तो अन्नद्रव्यांचा की ओलाव्याचा? हे वेगळं काढायचं असेल तर कंट्रोलच्या मातीत तेवढाच धुतलेला कोकोपीट मिसळावा लागतो. त्यात अन्नद्रव्यं नाममात्र असतात, पण तो पाणी धरतो. एवढं करूनही दोन्हीकडची माती तंतोतंत सारखी होत नाही. म्हणून शाळेतल्या पहिल्या प्रयोगाला मी युरियाच सुचवते.

एकच गोष्ट वगळून बाकी सगळं देण्याचा जुना नमुना म्हणजे इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रातलं ब्रॉडबाल्क नावाचं गव्हाचं शेत. 1843 पासून तिथल्या एका पट्ट्याला ना शेणखत मिळालं, ना रासायनिक खत. पण तो पट्टा पडीक नाही. शेजारच्या पट्ट्यांसारखी त्याचीही नांगरट होते, पेरणी होते, आणि गव्हाचं वाण बदललं की त्यालाही नवं वाण मिळतं. म्हणूनच दीडशेहून जास्त वर्षं त्या पट्ट्याशी इतरांची तुलना करता आली.

आता मी प्रयोग असा लावते. निवड गव्हाची किंवा मक्याची. मूग, मटकी, मेथी नको, कारण अशा शेंगावर्गीय रोपांच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन मिळवून देतात आणि युरियाचा परिणाम झाकला जातो. कसदार काळी मातीही नको, तिच्यात आधीच पुरेसा नायट्रोजन असतो. अर्धी माती, अर्धी धुतलेली वाळू एकाच ढिगात नीट कालवून प्रत्येक कुंडीत एक किलो वजन करून भरायची. अशा 12 कुंड्या. प्रत्येकीत आठ दाणे पेरायचे, उगवल्यावर विरळणी करून चार रोपं ठेवायची. त्यानंतरच चिठ्ठ्या टाकून सहा कुंड्या युरियाच्या, सहा कंट्रोलच्या ठरवायच्या. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी कुंड्या वाटून मग विरळणी केली तर टवटवीत रोपं खताच्या बाजूला ठेवण्याचा मोह मुलांनाच काय, मलाही होतो.

पहिले दहा-बारा दिवस रोप बरंचसं दाण्यातल्या साठ्यावर जगतं, त्यामुळे दोन-तीन पानं आल्यावर खत सुरू करायचं. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम युरिया, त्यातलं 50 मिलि दर आठवड्याला एका कुंडीला. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे प्रत्येक वेळी 23 मिलिग्रॅम नायट्रोजन. चार आठवड्यांचा मिळून 92. उत्साहानं चमचाभर युरिया घातला तर पानांचे शेंडे करपतात आणि खताची रोपं कंट्रोलच्याही मागे पडतात.

स्थिर चलांबद्दलही माझी समजूत बदलली. सगळ्यांना रोज सारखं पाणी घातलं की पाणी स्थिर राहिलं, असं मी धरून चालत असे. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात युरियाची रोपं मोठी होतात, त्यांच्या पानांतून जास्त पाणी उडून जातं. तेवढ्याच पाण्यात त्यांची माती दुपारपर्यंत कोरडी पडते आणि कंट्रोलची ओलीच राहते. पाणी सारखं घातलं, पण मातीतला ओलावा सारखा राहिला नाही. आता आम्ही कुंडी तराजूवर ठेवतो आणि सगळ्या कुंड्या एका ठरावीक वजनाला येतील इतकं पाणी घालतो. रोपाचं स्वतःचं वजन त्यात येतं, पण या वयाला ते थोडंच असतं. खताच्या दिवशी आधी 50 मिलि युरियाचं किंवा साधं पाणी, आणि मग उरलेल्या वजनापुरतं पाणी. काय स्थिर ठेवायचं हे आधी ठरवून वहीत लिहावं लागतं, नाहीतर ते आपोआप भलतंच काही ठरतं.

काही गोष्टी स्थिर ठेवताच येत नाहीत. खिडकीजवळच्या कुंडीला ऊन जास्त, दाराजवळच्या कुंडीला वारा जास्त. यावर मी पूर्वी मुलांना नुसतं 'सगळ्यांना सारखा प्रकाश' असं लिहायला लावी. आता आम्ही दर दोन-तीन दिवसांनी चिठ्ठ्या टाकून कुंड्यांच्या जागा बदलतो. खिडकीचा फायदा कुठल्याच एका गटाच्या वाट्याला येत नाही. 1919 मध्ये रोथॅमस्टेडला रुजू झालेल्या संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी शेतातल्या वाफ्यांसाठी चिठ्ठ्यांचंच हे तत्त्व आग्रहानं मांडलं.

आणि सहा कुंड्या कशाला, एक का नको? समजा, महिन्याअखेर कंट्रोलच्या सहा कुंड्यांतली सरासरी उंची 15, 17, 18, 18, 20 आणि 22 सेंटिमीटर निघाली. यांना सारखीच माती, सारखाच ओलावा मिळाला, खत कुणालाच नाही, तरी सात सेंटिमीटरचा फरक पडला. एकच कंट्रोल असती आणि ती नेमकी 15 ची निघाली असती, तर शेजारची 21 ची युरियाची कुंडी बघून आपण खताचा जयजयकार केला असता. काहीही न बदलता रोपांमध्ये किती फरक पडतो, हे फक्त कंट्रोलचा गट सांगतो. युरियाच्या सहा कुंड्या 19 ते 25 मध्ये आल्या तर दोन्ही गट एकमेकांत मिसळतात आणि जपून बोलावं लागतं. 26 ते 31 मध्ये आल्या तर ठामपणे बोलता येतं. नुसत्या उंचीवर मात्र मी आता विसंबत नाही. अंधारात ठेवलेलं रोपही उंच होतं, पिवळं आणि लेचंपेचं. शेवटी रोपं मातीलगत कापून, पूर्ण वाळवून त्यांचं वजन घ्यायचं.

प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. हिरव्यागार कुंडीपुढे थांबण्याआधी मुलांना विचारा, बिनखताच्या कुंड्या किती होत्या, त्यांना काय काय दिलं, आणि त्यांच्या वेगवेगळ्या नोंदी कुठे आहेत. नुसती सरासरी दाखवली तर वही मागून घ्या.