प्रतीक्षेचंही वाटप विषम असतं

व्हिसाची वाट पाहणं हा सगळ्यांचा सारखाच अनुभव असतो, असं परदेशी शिकलेली अनेक मंडळी सांगतात. मला ते पटत नाही. ज्याच्या घरात पैसा आहे तो फक्त निर्णयाची वाट पाहतो. आपली पोरं मात्र एका साखळीची वाट पाहतात. आधी शिष्यवृत्तीची यादी, मग मंजुरीचं पत्र, मग व्हिसाचा अर्ज आणि शेवटी निकाल. आधीची कडी अडली की पुढच्या कडीसाठी उरलेले दिवस कमी होतात.

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाचंच घ्या. कोर्स सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. स्वतःच्या पैशावर जाणाऱ्याला ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस ठेवून दाखवावी लागते. सरकारी शिष्यवृत्तीवर जाणाऱ्याला त्याऐवजी मंजुरीचं पत्र चालतं. ही मोठी सोय आहे, पण पत्र हातात आल्याशिवाय तिचा उपयोग नाही. माझा कोर्स सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होणार होता आणि पत्र मिळालं ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. बुधवारी, २० ऑगस्टला, मी बोटांचे ठसे आणि फोटो देऊन आले.

तिथून मोजणी सुरू झाली. साधारण मुदत तीन आठवडे, म्हणजे कामाचे १५ दिवस. घरच्यांनी कॅलेंडरवर सरळ १५ दिवस मोजून ४ सप्टेंबरवर खूण केली. पण शनिवार-रविवार धरायचे नसतात आणि ऑगस्टचा शेवटचा सोमवार ही इंग्लंडमध्ये सुट्टी असते. म्हणजे पंधरावा दिवस पडत होता ११ सप्टेंबरला. हा एका आठवड्याचा फरक आधी माहीत नसेल, तर ५ तारखेपासूनच माणूस नकाराची तयारी करू लागतो.

या दिवसांचं विचित्रपण असं, की काहीच घडत नसतं आणि ठरवायचं मात्र सगळं असतं. संस्थेतलं माझं कंत्राट ३१ ऑगस्टला संपत होतं. ते वाढवून घ्यायचं की नाही? खोली सोडायची का? आमच्या विहारात ७ सप्टेंबरला निरोपाचा कार्यक्रम ठरला. व्हिसा नसताना मी हार घालून घेतला. आई रोज संध्याकाळी एवढंच विचारायची, "आलं का गं काही?"

विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर माझ्यानंतर अर्ज केलेल्या एकाचा व्हिसा आधी आला. त्यावरून लोक तर्क लढवू लागले. खरं तर अर्ज रांगेतल्या क्रमानेच सुटतात असं नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या तारखेवरून आपला निकाल ओळखता येत नाही. शेवटी १५ सप्टेंबरला मेल आला, तोही फक्त 'निर्णय झाला आहे' एवढंच सांगणारा. काय झाला, हे दोन दिवसांनी कळलं. होकार होता.

अर्जेंटिनाचे समाजशास्त्रज्ञ खाव्हिएर औयेरो यांनी ब्युनोस आयर्समधल्या सरकारी कार्यालयांत ताटकळणाऱ्या गरिबांचा अभ्यास केला. ताटकळत ठेवणं हाही सत्तेचा व्यवहार आहे आणि त्यातून माणूस निमूट राहायला शिकतो, असं त्यांचं म्हणणं. बाबासाहेबांची शिष्यवृत्ती १९१७ मध्ये संपली आणि लंडनचं शिक्षण अर्ध्यावर सोडून त्यांना परतावं लागलं. पण परत येऊन शिक्षण पूर्ण करायला चार वर्षांची मुदत त्यांनी विद्यापीठाकडून आधीच मिळवली होती. प्राध्यापकीच्या पगारातून साठवलेले पैसे, मित्राचं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांच्या जोरावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. प्रतीक्षा त्यांनाही चुकली नाही, पण ती किती दिवसांची हे त्यांनी लेखी घेऊन ठेवलं होतं.

आपणही तेच करायला हवं. कोर्सला उशिरात उशिरा कधी हजर व्हायचं, ती तारीख विद्यापीठाकडून लेखी मागून घ्या. मंजुरीच्या पत्रात तुमचं नाव, शिष्यवृत्तीचा कालावधी आणि फीसोबत राहण्याचा खर्चही नमूद आहे का, ते अर्जाआधी पाहा. फक्त फीचा उल्लेख असेल, तर राहण्याच्या खर्चाचा पुरावा तुमच्याकडे मागितला जाईल. नकार आलाच तर परदेशातून अर्ज करणाऱ्याला फेरतपासणी मागायला २८ दिवस असतात. नवा अर्ज करायचा तर विद्यापीठाकडून प्रवेशाचा नवा क्रमांकही घ्यावा लागतो, कारण जुना एकदाच वापरता येतो.

व्हिसाचे तीन आठवडे आपल्या हातात नाहीत. पण शिष्यवृत्तीची यादी आणि पत्र कधी निघावं, हे इथल्या शासनाच्या हातात आहे. म्हणून मागणी फक्त जागा वाढवण्याची नको, तारखेचीही हवी. मंजुरीचं पत्र जूनअखेर मिळालं पाहिजे. मग आपली पोरंही इतरांसारखी एकाच निर्णयाची वाट पाहतील.